कॉलम बारीक करून घरातली जागा वाढते का? साइट इंजिनिअरचे मालकांना पत्र आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशात कॉलम म्हणजे काळे चौकोन असतात, तिथे ते कोणाला खुपत नाहीत. प्लिंथ होऊन सळया उभ्या राहिल्या की मालक खोलीच्या जागेत उभे राहून बघतात, आणि कपाटाच्या कोपऱ्यात दीड फुटाचा कॉलम येणार हे तेव्हा पहिल्यांदा जाणवते. मग साइटवर मागणी येते, "१२ बाय १८ चे कॉलम ९ बाय १२ करा, भिंतीत लपतील." अशा मागणीला द्यायच्या उत्तराचा मजकूर आधी दिला आहे. पत्र हातात पडल्यावर मालक जे प्रश्न विचारतात, ते त्याखाली घेतले आहेत.

हिशोबासाठी एक नमुना इमारत धरली आहे. ठिकाण पुणे, खाली मोकळे पार्किंग आणि वर तीन मजले, एकूण १२ कॉलम, दोन कॉलममधले अंतर दोन्ही दिशांना सुमारे ४ मीटर. काँक्रीट एम २५ ग्रेडचे, सळई एफई ५०० ग्रेडची. मंजूर आरसीसी ड्रॉइंगमध्ये कॉलम ३०० × ४५० मिमी, म्हणजे १२ × १८ इंच.

पत्राचा मजकूर

विषय : कॉलमची मापे कमी करण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

सर्व कॉलम ३०० × ४५० मिमीऐवजी २३० × ३०० मिमी करावेत, असे आपण साइटभेटीत सुचवले होते. आरसीसी कन्सल्टंटशी चर्चा करून हे उत्तर देत आहे. हा बदल करता येणार नाही.

या बदलाने प्रत्येक मजल्यावर सुमारे साडेआठ चौरस फूट जागा मिळेल. त्या बदल्यात कॉलमची वजन पेलण्याची ताकद गरजेपेक्षा खाली जाईल आणि भूकंपात आडव्या धक्क्याला तोंड देण्याचा ताठरपणा मूळच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास उरेल. पुण्यासाठी लागू असलेल्या, भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाच्या आयएस १३९२० या संहितेनुसार कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी ठेवता येत नाही. फूटिंगचे काम झाले असून त्यातून वर आलेल्या सळया मूळ मापाच्या आहेत. त्या आत वाकवून कॉलम बारीक करणे हे वेगळे नुकसान ठरेल.

आपल्याला जागा हवी आहे, हे लक्षात घेऊन पर्याय सुचवतो. आतल्या कोरड्या भिंती ६ इंचांऐवजी ४ इंची एएसी ब्लॉकच्या घेतल्या तर प्रत्येक मजल्यावर सुमारे साडेतेरा चौरस फूट मिळतील. बेडरूममधली कपाटे कॉलमच्या रांगेत घेतली तर पुढे आलेला भाग दिसणारही नाही. दोन्हींचे स्केच सोबत जोडले आहे. कॉलमचे शटरिंग लावण्यापूर्वी आपला निर्णय कळवावा, म्हणजे ब्लॉकची मागणी त्याप्रमाणे देता येईल.

आपला,
साइट इंजिनिअर

१. साडेआठ चौरस फूट हा आकडा कसा आला? आम्हाला तर जागा बरीच जास्त वाटते.

३०० × ४५० च्या कॉलमने ०.१३५ चौरस मीटर जागा अडते आणि २३० × ३०० ने ०.०६९. एका कॉलममागे फरक ०.०६६ चौरस मीटर, म्हणजे पाऊण चौरस फुटाहूनही थोडा कमी. बारा कॉलमचा मिळून ०.७९ चौरस मीटर, म्हणजे साडेआठ चौरस फूट. यातलाही काही भाग भिंतीच्या जाडीत असतो. तिथे कॉलम कमी झाला तर त्या जागी भिंत येते, खोलीला काही मिळत नाही. त्यामुळे पायाखाली येणारी जागा याहूनही कमी असते.

जागा जास्त वाटते याचे कारण कॉलमचा कोपरा. खोलीत पुढे आलेला सहा इंचांचा कोपरा पलंगाची किंवा कपाटाची जागा ठरवतो, म्हणून तो मापापेक्षा मोठा भासतो. ही अडचण खरी आहे, पण ती फर्निचरच्या मांडणीची आहे आणि मांडणी बदलूनच सुटते.

एफएसआयचाही गैरसमज असतो. एफएसआय बाहेरच्या रेषेने धरलेल्या बांधकामावर मोजतात. आतला कॉलम जाड असो वा बारीक, एफएसआय तेवढाच लागतो.

२. इमारत फक्त तीन मजल्यांची आहे. एवढे वजन ९ बाय १२ चा कॉलम पेलणार नाही का?

मधला एक कॉलम घेऊ. त्याच्या वाट्याला ४ × ४, म्हणजे १६ चौरस मीटर स्लॅब येतो. स्लॅब, बीम, भिंती, फरशी, माणसे आणि सामान धरून चौरस मीटरला साधारण १.२ टन वजन होते. म्हणजे एका मजल्याचे सुमारे १९ टन. टेरेस धरून स्लॅब चार, तेव्हा ७७ टन, आणि कॉलमचे स्वतःचे वजन मिळवून ८० टन. डिझाइन करताना याला दीडने गुणतात, कारण वजन, काँक्रीट आणि काम यांपैकी काहीच कागदाबरहुकूम नसते. म्हणजे कॉलमने १२० टन पेलायला हवेत.

आता ताकद पाहू. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या संहितेतल्या सूत्राने ३०० × ४५० च्या कॉलममध्ये १६ मिमीच्या आठ सळया घातल्या तर सरळ खाली येणारे सुमारे १८७ टन वजन पेलले जाते. २३० × ३०० मध्ये १६ च्या सहा सळया घातल्या तर १०८ टन. म्हणजे लहान कॉलम नुसत्या वजनालाच कमी पडतो.

आणि हे १०८ टन सर्वांत सोयीच्या स्थितीतले आहेत, म्हणजे वजन जवळजवळ मध्यावर पडते असे धरून. प्रत्यक्षात ते कधीच मध्यावर पडत नाही. शटरिंग ओळंब्यातून थोडे सुटते, बीम एका बाजूने जास्त ओढतो. म्हणून संहिता किमान २० मिमी तरी वजन बाजूला सरकलेले धरायला लावते. ४५० मिमीच्या बाजूला २० मिमी किरकोळ आहेत, २३० च्या बाजूला ते बरेच मोठे. शिवाय बारीक कॉलम वजनाने वाकण्याची भीती असते. उंची भागिले जाडी १२ च्या आत असेल तर कॉलम आखूड धरतात. ३ मीटर उंचीला ३०० मिमी जाडी असेल तर हे गुणोत्तर १० येते. २३० केली की १३. कॉलम सडपातळ गटात जातो आणि त्याच्या डिझाइनमध्ये वाकण्याचा जादा भार धरावा लागतो.

३. १८७ टन ताकद आणि गरज १२० टनांची, तर मूळ कॉलमच गरजेपेक्षा मोठा नाही का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. उरलेली ताकद शिल्लक म्हणून ठेवलेली नाही, ती आडव्या धक्क्यासाठी आहे. भूकंपात जमीन बाजूला सरकते. वरचे मजले जडत्वामुळे मागे राहतात आणि या दोहोंमधले कॉलम वाकतात. वाकताना कॉलमची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते, आणि हे सगळे वरचे वजन डोक्यावर असताना होते.

या वाकण्याला विरोध करण्याचा ताठरपणा कॉलमच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर वाकण्याच्या दिशेतल्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी ३०० ची २३० केली, म्हणजे चौथ्या भागाहून कमीच घटवली, तर ताठरपणा थेट ४५ टक्क्यांवर येतो. इथे दुसरी बाजूही ४५० ची ३०० होते आहे. दोन्ही मिळून एका दिशेत ३० टक्के आणि दुसरीत २३ टक्के ताठरपणा उरतो. क्षेत्रफळ निम्म्यावर आले आणि ताठरपणा पावपटीच्या घरात गेला. पत्रातला मुख्य मुद्दा हाच आहे आणि मालकांनी तो कन्सल्टंटकडून नीट समजून घ्यावा.

पार्किंगच्या मजल्यावर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. वरच्या मजल्यांवर भिंती काही प्रमाणात आडवा धक्का घेतात. खाली भिंती नाहीत, सगळी हालचाल तिथल्या कॉलममध्ये एकवटते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत खालचा मजला मोकळा असलेल्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

४. पुण्यात कुठे भूकंप होतो?

आयएस १८९३ ही संहिता भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडते. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे आणि मुंबई तिसऱ्या झोनमध्ये आहेत, कोयना चौथ्यात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ ला हादरले तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या आवृत्तीत तो तिसऱ्यात घेतला. झोन तीन आणि त्यापुढे आयएस १३९२० च्या तरतुदी आरसीसी इमारतींना लागू होतात. इमारत बुटकी आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

५. शेजारच्या बंगल्यात ९ इंची कॉलम आहेत आणि पंचवीस वर्षांत एक तडा नाही. मग आम्हालाच का अडवता?

आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू २०० मिमी चालत असे. बीमचा गाळा ५ मीटरपेक्षा किंवा कॉलमची मोकळी उंची ४ मीटरपेक्षा जास्त असेल तरच ३०० लागे. त्यामुळे त्या काळचे ९ इंची कॉलम त्या काळच्या नियमात बसणारे आहेत. २०१६ च्या आवृत्तीने किमान बाजू ३०० मिमी केली. नवे काम नव्या नियमानेच करावे लागते. कन्सल्टंटला स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर सही करायची असते ती त्याच आधारावर.

तडा नाही, याचा अर्थ रोजचे उभे वजन नीट पेलले जात आहे इतकाच. आडव्या धक्क्याची परीक्षा त्या बंगल्याने अजून दिलेली नाही.

६. सळया वाढवून किंवा काँक्रीटचा ग्रेड वाढवून माप कमी करता येईल ना?

कागदावर उभ्या वजनाचे गणित दोन्ही उपायांनी जुळते, आणि ठेकेदार हाच मार्ग सुचवतो. म्हणून हे जरा सविस्तर पाहू.

आधी सळया. २३० × ३०० मध्ये २० मिमीच्या आठ सळया घातल्या तर ताकद १५० टनांवर जाते. सळईचे प्रमाण ३.६ टक्के होते. ते चालते. पण सळई एका लांबीत वरपर्यंत जात नाही, तिला जोड द्यावा लागतो, आणि जोडाच्या उंचीत आठच्या सोळा सळया होतात. सगळे जोड एकाच उंचीवर आले तर प्रमाण सात टक्क्यांपुढे जाते, आणि संहितेची कमाल मर्यादा ६ टक्के आहे. आता त्या जागी काँक्रीट कसे पडेल ते बघा. २३० मिमीच्या बाजूतून दोन्हीकडचे ४० मिमी कव्हर, म्हणजे रिंगांबाहेरचे काँक्रीट, आणि ८ मिमीच्या रिंगा वजा केल्या की १३४ मिमी उरतात. त्या बाजूला तीन सळया, जोडात त्यांच्या सहा, म्हणजे १२० मिमी सळईनेच भरले. मोकळी फट सगळी मिळून १४ मिमी, आणि खडी २० मिमीची. खडी आतच अडकते, बाहेरच्या कव्हरमध्ये नुसते पाणी-सिमेंट झिरपते किंवा तेही नाही. शटरिंग उघडले की जोडाच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा स्टार्टरच्या, म्हणजे कॉलमच्या तळाशी आधी भरलेल्या छोट्या तुकड्याच्या, लगेच वर, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. गवंडी त्यावर सिमेंटचा हात फिरवतो आणि दोष झाकला जातो. सळया मग तिथूनच गंजायला लागतात.

आता ग्रेड. एम २५ ऐवजी एम ४० घेतले तर सहा सळयांचा लहान कॉलम जवळपास १४९ टन पेलतो. ताठरपणा मात्र ग्रेडच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे केवळ २६ टक्के. ३० टक्के उरला होता तो ३८ होईल. मूळ मापाच्या जवळपासही नाही. आणि बाजू २३० चीच राहिली, त्यामुळे १३९२० चा नियम मोडलेलाच राहतो.

७. ४५० ची बाजू तशीच ठेवा, फक्त ३०० ची २३० करा. एवढे तरी?

उभ्या वजनाला हा कॉलम पुरतो, आठ सळयांनी सुमारे १५५ टन होतात. अडचण सांध्यात येते. बीम २३० मिमी रुंद आहे. कॉलमही २३० चाच असेल तर बीमच्या कडेच्या सळया आणि कॉलमच्या कोपऱ्यातल्या सळया एकाच रेषेत येतात. फिटर मग बीमची सळई आत ढकलतो किंवा कॉलमची सळई बाहेर लोटतो. एकीत बीमचा कोपरा सळईविना राहतो, दुसरीत कॉलमचे कव्हर जाते. ३०० च्या कॉलममध्ये दोन्ही बाजूंना ३५-३५ मिमी जास्त मिळतात आणि बीमच्या सळया कॉलमच्या सळयांच्या आतून सरळ निघून जातात.

दुसरे असे की भूकंपात आधी बीम वाकावा आणि कॉलम टिकावा, अशी १३९२० ची रचना आहे. सांध्यावर कॉलमची वाकण्याची ताकद बीमच्या किमान १.४ पट हवी. बीम तोच ठेवून कॉलम बारीक केला की हे प्रमाण आधी कमजोर दिशेत तुटते. बीम तुटला तर एक गाळा खचतो, कॉलम तुटला तर वरचे सगळे मजले खाली येतात.

८. मग जागा वाढवायची तरी कशी?

भिंतीतून. आतल्या भिंतींची लांबी मजल्याला सहज २५ मीटर भरते. ६ इंची ब्लॉकऐवजी ४ इंची घेतला की प्रत्येक मीटरमागे ५० मिमी वाचतात, म्हणजे एकूण १.२५ चौरस मीटर किंवा साडेतेरा चौरस फूट. कॉलम बारीक करून मिळणाऱ्या जागेपेक्षा हे जास्त आहे. एएसी ब्लॉक हलका असतो, घनमीटरला सुमारे ६०० किलो, तर वीटकाम १९०० च्या आसपास. त्यामुळे वजनही कमी होते.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टॉयलेट आणि किचनच्या पाइप असलेल्या भिंती ६ इंचीच ठेवा, कारण ४ इंची भिंतीत पाइपसाठी खोल खाच मारली की मागे काहीच उरत नाही. ४ इंची भिंतीला साधारण मीटरभर उंचीवर आरसीसी पाटली, म्हणजे आडवी पट्टी, द्या. जड कपाट किंवा गीझर टांगायची भिंत आधीच ठरवून इंजिनिअरला सांगा.

दुसरा उपाय मांडणीचा. कॉलम भिंतीच्या कोणत्या बाजूला सपाट घ्यायचा, हे ठरवता येते. पुढे आलेला भाग बेडरूमऐवजी टॉयलेट, ड्राय बाल्कनी किंवा कपाटाच्या बाजूला ढकलायचा. दोन कॉलमच्या मधोमध दीड-दोन फूट खोल कपाट घेतले की कोपरा संपतो.

कॉलम फिरवणे, म्हणजे ४५० ची बाजू दुसऱ्या दिशेला घेणे, हेही शक्य असते, पण ते फूटिंगच्या आधी आणि कन्सल्टंटच्या नव्या ड्रॉइंगवरच. सगळ्या कॉलमच्या लांब बाजू एकाच दिशेला गेल्या तर इमारत दुसऱ्या दिशेला लुळी पडते.

९. वरच्या मजल्यांवर तरी माप कमी करता येईल?

उंच इमारतीत करतात. इथे मूळ कॉलमच ३०० चा असल्याने एका बाजूला वावच नाही. ४५० ची ३७५ करता येईल का हे कन्सल्टंट पाहू शकतो, पण त्यासाठी शटरिंगच्या नव्या प्लेट, सळया आत घेण्याची खटपट आणि मिळणारी जागा कॉलममागे पाव चौरस फुटाच्या आसपास. आमच्या मते तीन मजल्यांसाठी यात पडू नये.

१०. काम ड्रॉइंगप्रमाणेच होत आहे, हे मालकाने कसे तपासावे?

स्टार्टर भरला की त्याची दोन्ही बाजूंची मापे टेपने घ्या. पुढचा कॉलम स्टार्टरच्याच मापाचा होतो, त्यामुळे चूक इथेच सापडते. स्टार्टरपाशी सळया एकदम आत मुडपलेल्या दिसल्या तर काम थांबवून विचारा. सळई आत घ्यावीच लागली तर उतार सहास एकपेक्षा तीव्र नसावा. म्हणजे ३५ मिमी आत घ्यायला किमान २१० मिमी लांबी लागते.

शटरिंग बंद होण्याआधी रिंगा बघा. ३०० मिमीच्या कॉलममध्ये बीमच्या वर आणि खाली ४५० मिमी उंचीपर्यंत रिंगा ७५ मिमीवर हव्यात, आणि त्यांची टोके १३५ अंशांत आतल्या काँक्रीटकडे वळलेली. ९० अंशांत नुसती दुमडलेली रिंग धक्क्यात उघडते. कव्हर ब्लॉक ४० मिमीचे आहेत का, तेही हाताने मोजा.

११. ठेकेदाराने आधीच काही कॉलम बारीक भरले आहेत. आता काय?

पुढचा स्लॅब भरू देऊ नका. कोणते कॉलम, किती मापाचे, आत किती सळया, हे लिहून फोटोसह आरसीसी कन्सल्टंटकडे पाठवा. वर वजन आले नसेल तर कॉलम तोडून, सळया नीट करून पुन्हा भरणे हाच स्वस्त मार्ग असतो. काही जण बाहेरून दोन इंच काँक्रीट चढवून माप पुरे करतात. ते करू देऊ नका. जुन्या काँक्रीटला ते धरत नाही आणि त्यात सळया-रिंगा बसत नाहीत.

वर स्लॅब झाला असेल तर जॅकेटिंग करावे लागते, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया, नव्या रिंगा आणि नवे काँक्रीट. आयएस १५९८८ प्रमाणे जागेवर भरलेल्या जॅकेटची जाडी किमान १०० मिमी लागते. म्हणजे २३० × ३०० चा कॉलम ४३० × ५०० होतो. नव्या सळया स्लॅबला भोके पाडून वरच्या मजल्यात आणि खाली फूटिंगमध्ये अँकर कराव्या लागतात. काम चालू असताना दोन्ही बाजूंच्या बीमना टेकू द्यावे लागतात, आणि ते कन्सल्टंटने सांगितल्याशिवाय काढायचे नसतात.